तार आणि वृत्तसंस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील एका मराठी दैनिकाच्या वृत्तकक्षात मी बरीच वर्षे उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर जुन्या वृत्तपत्रांच्या फाइली चाळणारे विद्यार्थी, घराण्याचा इतिहास शोधणारी मंडळी आणि काही चिकित्सक वाचक यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय एकमेकांत शिरतो, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘तारेने आलेली बातमी’ आणि ‘वृत्तसंस्थेची बातमी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय. तार म्हणजे संदेश वाहून नेण्याचे साधन. वृत्तसंस्था म्हणजे बातमी गोळा करून तीच बातमी अनेक वृत्तपत्रांना विकणारा व्यवसाय. एखाद्या वृत्तपत्राचा स्वतःचा बातमीदारही तार पाठवू शकत असे आणि तशी बातमी ‘आमच्या बातमीदाराकडून तारेने’ अशा शब्दांनी छापली जाई. उलट, वृत्तसंस्था सुरुवातीला तारेवाचूनही चालत. पॅरिसमधील हावास ही संस्था १८३५ची आहे, म्हणजे विजेच्या तारेचा व्यापारी वापर सुरू होण्यापूर्वीची. पॉल ज्युलियस रॉयटर यांनी १८५० साली आखेन आणि ब्रुसेल्स यांच्यामधील तारेची तूट भरून काढण्यासाठी कबुतरे वापरली आणि तार पूर्ण होताच तो उद्योग सोडून १८५१ मध्ये लंडन गाठले. कबुतरांची गोष्ट सांगणारे बहुतेकजण तिथेच थांबतात. खरे तर रॉयटर यांना कळलेली गोष्ट व्यापारी स्वरूपाची होती: जो भाव दुसऱ्याच्या आधी कळतो, त्याच भावाला किंमत मिळते. त्यांचे पहिले ग्राहक संपादक नव्हते. ते दलाल आणि पेढीवाले होते.

२. तार येण्यापूर्वी आणि आल्यानंतर बातमीला नेमका किती वेळ लागत असे?

तीन उदाहरणे पुरेशी आहेत. मीरतेचा उठाव १० मे १८५७ रोजी झाला. त्या वेळी हिंदुस्थानात तार होती. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक तार १८५०-५१ची आणि सर्वसामान्य लोकांसाठी सेवा १८५५ची. तरीही हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये अखंड तार नसल्यामुळे ही बातमी लंडनला जूनच्या अखेरीस, म्हणजे सुमारे साडेसहा आठवड्यांनी पोचली. अब्राहम लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५च्या रात्री गोळी झाडली गेली. अटलांटिकखालची टिकाऊ केबल अजून पडायची असल्यामुळे ती बातमी बोटीने आली आणि लंडनला २६ एप्रिलला कळली.

तिसरे उदाहरण आपल्या बाजूचे आहे. १८६५ साली इराणच्या आखातातून केबल टाकून हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला, परंतु तो मार्ग तुर्कस्तानातून जात असल्यामुळे इंग्रजी न जाणणारे तारबाबू वाटेत संदेश पुन्हा पुन्हा उतरवून पुढे पाठवीत. संदेश काही दिवसांनी पोचे आणि तोही अनेकदा मोडक्या अवस्थेत. वीस शब्दांना सुमारे पाच पौंड मोजूनही ही गत होती. १८७० साली सुएझ आणि एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राखालची केबल आली, तेव्हा कुठे हे अंतर तासांच्या हिशेबात आले. म्हणून ‘तार आली आणि बातमी वेगवान झाली’ हे विधान करताना कोणती तार, कोणत्या दोन गावांमधली आणि कोणत्या साली, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

३. तार काही तासांत येत असेल, तर जुन्या अंकांत बातमी चार-पाच दिवसांनी का दिसते?

कारण तारेने फक्त तारेवरचा वेळ वाचवला. बातमीदार तारघरापर्यंत जाणे, तिथली रांग, पोचत्या टोकाला तारवाल्याने लिफाफा आणून देणे, इंग्रजी मजकुराचे मराठी करणे, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणे आणि छपाई या बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा राहिल्या. त्यातही सर्वांत मोठा अडथळा म्हणजे अंक निघण्याचा वार. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत झाले. तो दिवस रविवार होता आणि ‘केसरी’ मंगळवारी निघणारे साप्ताहिक होते. तारेने बातमी गावोगाव त्याच दिवशी पोचू शकत होती, परंतु कोणत्याही साप्ताहिकाला आपल्या वारापर्यंत थांबावे तरी लागे किंवा जादा पत्रक काढावे तरी लागे. आपल्याकडे साप्ताहिकांची दैनिके होण्यामागे जी कारणे आहेत, त्यांत हे एक व्यावहारिक कारण मी वरच्या क्रमांकावर ठेवतो: दररोज येणारा तारेचा माल आठवडाभर साठवून ठेवला तर तो शिळा होतो आणि त्याचे पैसे मात्र रोजचेच द्यावे लागतात.

दुसरे कारण म्हणजे डाक आवृत्ती. मोठ्या शहरात छापलेला अंक आगगाडीने बाहेरगावी जायचा असे, म्हणून बाहेरगावची आवृत्ती आदल्या संध्याकाळीच छापावी लागे. रात्री आलेली तार शहर आवृत्तीत येई आणि डाक आवृत्तीत येत नसे. एकाच तारखेच्या एकाच वृत्तपत्राच्या दोन प्रतींत मजकूर वेगळा आढळला, तर आधी हा फरक तपासावा.

४. शब्दाला पैसे पडत, म्हणून भाषा तुटक झाली, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. तारेची भाषा तुटक झाली. छापलेल्या बातमीची भाषा तेवढी तुटक झाली नाही, कारण मध्ये उपसंपादक बसलेला होता.

बातमीच्या तारांना खाजगी तारांपेक्षा स्वस्त दर मिळे, पण त्या दराला अट होती की मजकूर साध्या, उघड भाषेत असला पाहिजे. व्यापारी लोक एका सांकेतिक शब्दात अख्खे वाक्य कोंबत, ती सोय बातमीदाराला नव्हती. मग त्याने मधला मार्ग काढला. भाषा इंग्रजीच, पण उपपदे, शब्दयोगी अव्यये आणि सहायक क्रियापदे गाळलेली. दोन शब्दांचा एक शब्द केलेला. ‘जाणार नाही’ यासाठी ‘अनगोइंग’, ‘मुंबईकडे’ यासाठी ‘बॉम्बेवर्ड’. तारघरातील कर्मचाऱ्याला शब्द मोजायचे असत आणि बातमीदाराला ते वाचवायचे असत, त्यामुळे असल्या जोडशब्दांवरून खिडकीवर हुज्जत होणे ठरलेलेच होते.

पोचत्या टोकाला या सांगाड्यावर मांस चढवावे लागे. इथे खरा धोका होता. पाठवणाऱ्याने गाळलेला शब्द घेणाऱ्याने मनाने भरायचा असल्यामुळे बातमीचे दोन लेखक होत, आणि त्यांतला दुसरा घटनास्थळी हजर नसे. हे प्रत्यक्षात कसे घडत असेल, ते पुढील प्रश्नात उलगडून दाखवले आहे.

५. एखादी तार घेऊन तिची मराठी बातमी कशी होत असे, हे दाखवाल का?

उदाहरण नागपूरचेच घेऊ. डिसेंबर १९२०च्या अखेरीस येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले; शहरातील काँग्रेस नगर हे नाव त्याचीच खूण आहे. अध्यक्ष सी. विजयराघवाचारियार होते. या अधिवेशनात असहकारितेचा ठराव झाला, हे सर्वांना आठवते. पण काँग्रेसचे ध्येयवाक्यही इथेच बदलले. जुन्या ध्येयात ब्रिटिश साम्राज्यातील स्वशासित वसाहतींसारखी राज्यपद्धती आणि ती मिळवण्याचे ‘काटेकोर सनदशीर’ मार्ग असे शब्द होते. नव्या ध्येयात साम्राज्याचा उल्लेख गेला, आणि ‘सर्व न्याय्य व शांततामय मार्गांनी स्वराज्यप्राप्ती’ असे शब्द आले. प्रस्ताव गांधीजींनी मांडला. जिनांनी विरोध केला.

आता या बातमीची तार समजा पुढीलप्रमाणे गेली. ही तार मी नमुन्यासाठी रचलेली आहे, कोणत्याही दप्तरातील नव्हे:

“काँग्रेस चेंज्ड क्रीड स्टॉप ऑब्जेक्ट नाउ स्वराज्य बाय ऑल लेजिटिमेट पीसफुल मीन्स स्टॉप गांधी मूव्ड जिना ऑपोज्ड”

शब्द सतरा. बाहेरगावच्या मराठी साप्ताहिकात रात्री दिव्याखाली बसलेल्या उपसंपादकाच्या हाती एवढेच आले, असे धरून चला.

पहिली अडचण ‘क्रीड’ या शब्दाची. शब्दकोश उघडला तर धर्ममत, पंथ असे अर्थ मिळतात. पक्षाच्या घटनेतील पहिले कलम हा अर्थ राजकारण ठाऊक असलेल्यालाच सुचेल. दुसरी अडचण ‘लेजिटिमेट’ची, आणि ती फार गंभीर आहे. चळवळीच्या मराठीत वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेला शब्द ‘सनदशीर’ हा होता. घाईत हात तिकडेच जाणार. पण ‘सनदशीर’ म्हणजे घटनेच्या, सनदेच्या चौकटीतील, आणि नागपुरास नेमका तोच शब्द काढून टाकला गेला होता. म्हणजे ‘सर्व सनदशीर व शांततेच्या मार्गांनी’ असे भाषांतर केले की व्याकरण बिनचूक राहते, वाक्य सुरेख वाचले जाते आणि बातमी मात्र नेमकी उलटी होते: काहीच बदलले नाही, असे ती सांगते.

तिसरी अडचण तारेत नसलेल्या गोष्टींची. तार नवे शब्द सांगते. कोणते शब्द गेले, ते सांगत नाही. साम्राज्याचा उल्लेख गळाला, ही बातमीची निम्मी बाजू जुने ध्येयवाक्य पाठ असलेल्या उपसंपादकालाच दिसेल. जिनांनी का विरोध केला, हेही त्याखेरीज कळणार नाही. ‘जिनांचा विरोध’ एवढे दोन शब्दांचे कोडे वाचकासमोर पडेल. जो शहाणा असेल, तो तारेचा मजकूर जपून छापील आणि खाली ‘सविस्तर हकीकत डाकेने आल्यावर देऊ’ अशी ओळ टाकील. जुन्या अंकांत ही ओळ दिसली की मला त्या अनामिक उपसंपादकाविषयी आदर वाटतो.

नागपूरच्या वृत्तपत्राला मात्र या सतरा शब्दांची गरजच नव्हती. गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ १९१४ पासून येथे निघत होते आणि ‘हितवाद’ १९११ पासून; त्यांचा बातमीदार मंडपात पायी जाऊ शकत होता. म्हणून या अधिवेशनाचा अभ्यास करणाऱ्यांनी स्थानिक अंक आणि बाहेरगावचे तारेवर विसंबलेले अंक शेजारी ठेवून वाचावेत. दोन्हींत मतांचा फरक दिसेल, पण त्याआधी मजकुराच्या जातीचा फरक दिसेल.

६. ‘उलटा पिरॅमिड’ हा बातमीचा आकार अमेरिकेतील यादवी युद्धात तार तुटण्याच्या भीतीने जन्मला, असे वर्गात शिकवतात. ते बरोबर आहे का?

गोष्ट छान आहे, म्हणूनच ती टिकली. तार मध्येच तुटेल या भीतीने बातमीदार सर्वांत महत्त्वाचे आधी पाठवत, असे तिचे सार आहे. एक-दोन प्रसिद्ध उदाहरणेही तिच्या बाजूने दाखवली जातात. लिंकन यांच्यावरील हल्ल्याची असोसिएटेड प्रेसची पहिली तार एका वाक्यात घटना सांगून मोकळी होते. परंतु त्याच युद्धातील बहुसंख्य वृत्तांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत घडले तसे, कालक्रमाने आणि लांबलचक लिहिलेले आहेत. महत्त्वाचे आधी आणि तपशील उतरत्या क्रमाने हा आकार सवयीचा व्हायला एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडला.

माझ्या मते खरे कारण ग्राहकांच्या संख्येत आहे. एका वृत्तपत्रासाठी लिहिणाऱ्याला जागा ठाऊक असते. वृत्तसंस्थेचा मजकूर मात्र पन्नास वृत्तपत्रांत जातो आणि त्यांतल्या कोणाकडे दोन स्तंभ मोकळे आहेत, कोणाकडे दोन इंच, हे लिहिणाऱ्याला कळू शकत नाही. त्यामुळे मजकूर असा रचावा लागतो की तो कुठेही तोडला तरी वरचा तुकडा आपल्या पायावर उभा राहील. आमच्या छापखान्यात शिसे असताना हे अक्षरशः दिसे. गॅलीत जुळवलेला मजकूर जागेपेक्षा जास्त झाला की फोरमन शेवटच्या ओळी उचलून बाजूला ठेवी, आणि संपादकाला विचारायलाही येत नसे. कालक्रमाने लिहिलेल्या बातमीवर हा प्रयोग केला तर अपघातातील मृतांची संख्याच ट्रेमध्ये जाऊन पडायची.

७. वेगवेगळ्या गावांतील वृत्तपत्रांत शब्दशः तीच बातमी का आढळते? एकाने दुसऱ्याची उचलली असे समजावे का?

उचलाउचली होत असे, पण शब्दशः साम्य दिसले की पहिला संशय वृत्तसंस्थेचा घ्यावा. ब्रिटनमधील दरपत्रक पाहिले की कारण स्पष्ट होते. तेथे १८७० मध्ये तार सरकारकडे गेली, तेव्हा बातमीच्या तारांना दिवसा ७५ शब्दांना आणि रात्री १०० शब्दांना एक शिलिंग असा दर ठरला. तोच मजकूर आणखी एका पत्त्यावर पाठवायचा झाला, तर तेवढ्याच शब्दांना केवळ दोन पेन्स जादा.

हिशेब करून पाहा. एका वृत्तपत्राने रात्री एक हजार शब्द मागवले तर दहा शिलिंग, म्हणजे १२० पेन्स पडले. दहा वृत्तपत्रांनी तेच हजार शब्द एकत्र मागवले तर पहिल्याचे १२० आणि उरलेल्या नऊ जणांचे प्रत्येकी २० मिळून १८०, असे एकूण ३०० पेन्स. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३०. तीच बातमी पाव किमतीत. अशा दरपत्रकासमोर ‘आमचा मजकूर वेगळा’ हा बाणा फार थोड्यांना परवडला. रात्रीचा दर स्वस्त असल्यामुळे मजकुराचा लोंढा रात्री येई, हाही त्याचाच परिणाम. सकाळचे वृत्तपत्र आणि रात्रपाळीचा उपसंपादक यांची सांगड अशा हिशेबांनीही घट्ट केली.

८. रॉयटरची हिंदुस्थानात मक्तेदारी होती म्हणतात. ती कोणी दिली आणि भारतीय वृत्तसंस्था कधी आल्या?

ती कोणी ‘दिली’ नाही; तिघांनी आपसांत वाटून घेतली. १८७० साली रॉयटर, हावास आणि बर्लिनची वोल्फ या संस्थांनी जगाचे विभाग पाडले आणि एकमेकांच्या विभागात बातमी विकायची नाही, असा करार केला. हिंदुस्थान रॉयटरच्या वाट्याला आला. त्यांचे मुंबईतील कार्यालय १८६६ मध्ये हेन्री कॉलिन्स यांनी उघडलेलेच होते. याचा अर्थ असा की फ्रान्समध्ये घडलेली गोष्ट नागपूरच्या वाचकाला हावासकडून लंडनला आणि लंडनहून मुंबईला अशा वाटेने, लंडनच्या चाळणीतून कळे. ही व्यवस्था फुटायला १९३४ साल उजाडले.

देशांतर्गत बातम्यांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया उभी राहिली. के. सी. रॉय यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. पण तीही पुढे रॉयटरच्याच पंखाखाली गेली. तिला आव्हान दिले ते एस. सदानंद यांच्या फ्री प्रेसने, आणि ती वृत्तसंस्था १९३५च्या सुमारास जामीनजप्तीच्या आणि पैशाच्या ओझ्याखाली बंद पडली. १९३३ मध्ये बिधुभूषण सेनगुप्ता यांची युनायटेड प्रेस ऑफ इंडिया आली. प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया, म्हणजे आपली पीटीआय, २७ ऑगस्ट १९४७ रोजी स्थापन झाली आणि १९४९ मध्ये तिने असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियाचे काम हाती घेतले. युनायटेड न्यूज ऑफ इंडिया, म्हणजे यूएनआय, हिची सेवा १९६१ची. संक्षेप वाचताना इथे एक गफलत नेहमी होते: स्वातंत्र्यापूर्वीच्या अंकातील ‘ए. पी.’ ही बहुतेक वेळा अमेरिकेतील असोसिएटेड प्रेस नसते, हिंदुस्थानातील असते, आणि ‘यू. पी.’ असेल तर ते संयुक्त प्रांताचे नाव आहे की युनायटेड प्रेसचे, हे कंसावरून आणि जागेवरून ठरवावे लागते.

९. वृत्तसंस्थांमुळे बातमी निष्पक्ष झाली का?

मजकुराचा सूर थंड झाला, हे नक्की. एकाच वेळी सरकारधार्जिण्या आणि सरकारविरोधी अशा दोन्ही वृत्तपत्रांना माल विकायचा असेल, तर विशेषणे गाळणे आणि प्रत्येक दावा कोणाच्या तरी तोंडी घालणे हा धंद्याचाच नियम होतो. ‘असे अमुक यांनी सांगितले’ ही शेपटी तिथून आली. पण थंड सूर म्हणजे निष्पक्षता नव्हे. काय पाठवायचे आणि काय पाठवायचे नाही, हे आधीच ठरलेले असते, आणि इंग्रजी अमदानीत सरकार हे या संस्थांचे मोठे ग्राहकही होते.

शिवाय गळा एकच असला की तो आवळणे सोपे जाते. १८८५च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता. स्वतंत्र भारतातील उदाहरण सर्वांना ठाऊक आहे: आणीबाणीत, फेब्रुवारी १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार संस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था करण्यात आली. एप्रिल १९७८ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. त्या मधल्या काळातील अंकांत ‘(समाचार)’ असा कंस दिसेल; त्यावरून कात्रणाचा काळही पक्का करता येतो.

१०. टेलिप्रिंटर आल्यावर चुका थांबल्या का? जुन्या कात्रणांत आकडे चुकलेले का दिसतात?

चुका थांबल्या नाहीत, त्यांची जात बदलली. मोर्सवर काम करणारा माणूस ऐकून लिहीत असे, त्यामुळे त्याच्या चुका कानाच्या असत: नावे बिघडत. टेलिप्रिंटर मिनिटाला सुमारे ६६ शब्दांच्या वेगाने स्वतःच छापी आणि त्याच्या चुका यंत्राच्या असत: आकडे बिघडत.

याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. पाच स्पंदांच्या त्या सांकेतिक लिपीत फक्त ३२ जोडण्या होतात. तेवढ्यात अक्षरे आणि आकडे दोन्ही मावत नाहीत, म्हणून एकच जोडणी दोन कामे करते, आणि ‘आता आकडे’ किंवा ‘आता अक्षरे’ असा एक वेगळा इशारा मध्ये पाठवला जातो. तारेवर क्षणभर खरखर झाली आणि तो इशारा हरवला की पुढचे सगळे आकडे अक्षरे होऊन उमटतात. कळफलकाच्या वरच्या ओळीतील अक्षरे आणि आकडे यांची जोडी ठरलेली असल्यामुळे १ चा क्यू, २ चा डब्ल्यू, ४ चा आर, ८ चा आय, ९ चा ओ आणि ० चा पी होतो. मग १९४८ हे साल ‘क्यू-ओ-आर-आय’ असे येते आणि १२० हा आकडा ‘क्यू-डब्ल्यू-पी’ असा. रात्रपाळीला चार-सहा महिने काढलेला माणूस हे सहज वाचत असे.

नवा माणूस मात्र फसे, आणि मीही फसलो. एका पावसाळी रात्री रेल्वे अपघाताच्या बातमीत जखमींच्या जागी ‘टीपी’ असे उमटले. मी ते कोणत्या तरी ठिकाणाच्या नावाचा संक्षेप समजून गाळून टाकले आणि बातमी आकड्याविना छापली. टी म्हणजे ५ आणि पी म्हणजे ०. सकाळी शेजारच्या वृत्तपत्राच्या मथळ्यातच ५० जखमी होते.

११. देवनागरीत तार आणि बातमी कधीपासून येऊ लागली, आणि त्यामुळे मराठी बातमी सुधारली का?

हिंदी तारसेवा १९४९ मध्ये सुरू झाली आणि देवनागरी टेलिप्रिंटर वृत्तसंस्थेच्या कामात १९५०च्या दशकात आले. त्यात हिंदुस्थान समाचारचा पुढाकार होता. दादासाहेब आपटे यांनी ती १९४८ मध्ये स्थापन केली होती. पीटीआय आणि यूएनआय या मोठ्या संस्थांच्या हिंदी सेवा मात्र १९८०च्या दशकातल्या: यूएनआय वार्ता १९८२ची, पीटीआय भाषा १९८६ची.

मराठी वृत्तकक्षाची मुख्य भाकरी त्यामुळे दीर्घकाळ इंग्रजी तारच राहिली आणि तिचे ओरखडे आपल्या वाक्यांवर उमटले. ‘असे पंतप्रधानांनी आज येथे सांगितले’ या वाक्यातील ‘येथे’ हे तारेचे ‘येथे’ आहे. ते दिल्लीला लागू होते, वाचक नागपुरात बसलेला असतो. जिथून बातमी सुटली त्या गावाचे नाव वर असते, म्हणून ते चालून गेले. पण वरचे ‘नवी दिल्ली, ता. ६’ गळाले आणि ‘येथे’ राहून गेले, अशी उदाहरणे फाइलींत हवी तेवढी मिळतील. नागपुरात पंतप्रधान आल्याची बातमी एखाद्याला अशाच अंकात सापडलेली असते.

१२. हाती असलेली जुनी बातमी तारेची आहे की डाकेची, हे कसे ओळखावे?

सुरुवातीचा कंस आणि तारीख पाहा. घटनेची तारीख, बातमी सुटल्याची तारीख आणि अंकाची तारीख या तीन वेगळ्या असतात आणि त्यांतील अंतरच बहुधा उत्तर देते. अंतर अंकाच्या वारापेक्षा जास्त असेल आणि मजकूर वर्णनाने भरलेला, वक्त्यांच्या लकबींसकट असेल, तर तो डाकेचा. विशेषनामे आणि आकडे आहेत पण माणसे दिसत नाहीत, असा मजकूर तारेचा. संशय राहिला तर त्याच दिवसाचे दुसऱ्या गावचे वृत्तपत्र काढून शब्दशः साम्य तपासा (प्रश्न ७) आणि प्रत शहर आवृत्तीची आहे की डाक आवृत्तीची, तेही पाहा (प्रश्न ३).

१३. इंग्लंडच्या वृत्तपत्रात हिंदुस्थानची बातमी ‘घडण्याआधीच’ छापलेली दिसते. तारीख चुकली असेल का?

बहुधा चुकलेली नाही. आपले घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे आहे. नागपुरास संध्याकाळी सहा वाजता घडलेली गोष्ट घडते, तेव्हा लंडनला दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. तारेला दोन तास लागले तरी ती तिथे अडीच वाजता पोचते आणि त्याच तारखेच्या सायंदैनिकात येऊ शकते. दोन्हीकडचे स्थानिक वेळ नुसते शेजारी मांडले तर बातमी घटनेच्या साडेतीन तास आधी पोचल्याचे दिसते. उलट दिशेला हाच फरक तोट्याचा असे: लंडनला संध्याकाळी उशिरा घडलेली गोष्ट आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर कळे आणि तोपर्यंत डाक आवृत्ती आगगाडीत चढलेली असे. १९०६ पूर्वीच्या बातम्यांचा हिशेब करताना एक काळजी अधिक घ्यावी लागते, कारण देशाची प्रमाणवेळ त्या वर्षी लागू झाली. त्याआधी रेल्वे आणि तार यांची वेळ मद्रासची आणि गावाची वेळ गावाची असे.

१४. भारतातील तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा वृत्तसंस्थांवर काय परिणाम झाला?

काहीच नाही. जुलै २०१३ मध्ये शेवटची तार गेली, तोवर वृत्तकक्षांतील टेलिप्रिंटर जाऊन संगणक आल्याला पंचवीसेक वर्षे झाली होती. आमच्याकडचे यंत्र त्याच्या खूप आधी भंगारात गेले. कागदाच्या उरलेल्या गुंडाळ्या मात्र कच्च्या मजकुरासाठी आम्ही पुढे दोन वर्षे वापरत होतो.